मंजुरीचं पत्र उलटं वाचा

‘आपला १२ लाखांचा प्रस्ताव मंजूर करताना आनंद होत आहे.’ देणगीदार कंपनीच्या पत्रातलं हे पहिलं वाक्य वाचून संस्थेत पेढे वाटले जातात. जाणत्या माणसाने मात्र आधी शेवटचं पान उघडावं. तिथे हप्ते असतात: करारावर सही झाली की ४० टक्के, त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं की आणखी ४० आणि काम संपून लेखापरीक्षित हिशेब पोचला की उरलेले २०. म्हणजे शेवटचे २ लाख ४० हजार आधी संस्थेने खर्चायचे, मग मागायचे. अनुदान कंपनीचं, पण तिला बिनव्याजी उसनवारी संस्थेची! एवढी रक्कम गाठीला नसेल, तर सहीआधीच हप्ते बदलून मागावेत. एकदा सही केली की ‘आपण मान्य केलंत ना’ हे ऐकावं लागतं.

मग तारीख बघावी. प्रकल्प एप्रिलपासूनचा, करार ऑक्टोबरचा आणि ‘करारापूर्वीचा खर्च ग्राह्य नाही’ अशी अट असेल, तर सहा महिन्यांचे पगार संस्थेने समाजसेवा म्हणून दिले असं समजावं.

‘नियमानुसार प्रशासकीय खर्च ५ टक्के’ या ओळीपाशी जरा थांबा. सीएसआर नियमांतली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. ती तुमच्या हिशेबनिसाच्या पगाराला लावायची असेल, तर खुशाल लावावी. पण तो कंपनीचा निर्णय आहे, कायद्याचा नाही. हे सहीपूर्वी, नम्रपणे आणि लेखी कळवा.