काकूंची तिरपी रेघ

डोंबिवलीच्या आमच्या काकू दिवाळीचा फराळ घरून विकतात आणि चकल्यांच्या आधी उत्तरं तळून ठेवतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तशी सोयच आहे. तिरपी रेघ मारून खुणेचा शब्द टाइप केला की साठवलेला मजकूर हजर.

सुरुवातीला त्यांचं `/bhav` ‘आदरणीय ग्राहकवर्य, आपल्या चौकशीने आम्ही उपकृत झालो’ असं सत्कारसमारंभासारखं सुरू व्हायचं. भाव येईपर्यंत माणूस दुसरीकडे चकल्या घेऊन मोकळा. आता तिथे आहे: ‘नमस्कार. भाजणीची चकली अर्धा किलो ३०० रुपये. डोंबिवलीत घरपोच ४० रुपये वेगळे. किती हवी आणि कोणत्या तारखेला, तेवढं कळवाल का?’ घरपोचचे पैसे आधीच सांगितल्याने पुढच्या तीन कुरकुरी वाचतात, आणि शेवटच्या प्रश्नामुळे समोरच्याला नुसता अंगठा दाखवून पळता येत नाही.

‘उद्या’ हा शब्द त्यांनी हद्दपार केलाय. रात्री पाठवलेला ‘उद्या’ गिऱ्हाईक सकाळी वाचतं आणि परवा दार वाजवतं. म्हणून वार, तारीख, वेळ. पण तारीख दर वेळी बदलते, त्यामुळे मजकुरात जागा मोकळी ठेवावी लागते. गर्दीत एकदा ती भरायचीच राहिली. ‘आपला फराळ ____ रोजी मिळेल’ असं वाचून एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, ‘किती गुणांना?’

पैशांच्या बाबतीत मात्र काकूंना नातं कळत नाही. ‘स्क्रीनशॉट मिळाला, आभार. रक्कम खात्यात दिसली की ऑर्डर पक्की झाल्याचं लगेच कळवते,’ हे सख्ख्या भाच्यालाही जातं. तो रुसला. काकूंचं म्हणणं, चित्र कुणीही काढतं. त्या बँकेचं ॲप उघडतात, रक्कम पाहतात, मगच भाच्याची मावशी होतात. घासाघीस करणाऱ्या नणंदेला ‘दर कमी करणं जमणार नाही, पाव किलोही देते, तेवढं पाठवू का?’ हे गेलं, तेही ‘नमस्कार’सकट. काका बाहेरच्या खोलीतून एक चकली मागतात, तर आतून तोंडी उत्तर येतं, ‘शिल्लक पाहून कळवते.’

फक्त तक्रारीला तयार उत्तर नाही. पूर्वी होतं: ‘डबा नीट बंद केला होता का?’ वाचणाऱ्याला ती पोलिसी चौकशी वाटे. शिवाय दोष बहुधा घरचाच निघे, कारण गरम चकल्या घाईने पिशवीत भरल्या की वाफ धरते आणि त्या मऊ पडतात. आता ‘चकली मऊ आहे’ असं आलं की काकू चष्मा लावतात आणि एका बोटाने स्वतः लिहू लागतात: ‘कळवलंत ते बरं झालं. फोटो पाठवाल का? बदलून देते.’ एवढं लिहायला त्यांना पाव तास लागतो. तोवर पलीकडे ‘टायपिंग’ दिसत राहतं, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक लिहितं, ‘राहू द्या काकू, खाल्ली आम्ही.’