वार्षिक अहवालाची बातमी कशी करावी

करमाडमध्ये बसून जिल्हा पानाला मजकूर धाडणाऱ्याने संस्थेचा वार्षिक अहवाल मागून वाचायला घ्यावा. पुढून वाचल्यास आधी अध्यक्षांचे मनोगत लागते, मग दीपप्रज्वलन, मग तेच मान्यवर दुसऱ्या शालीत. बातमी असलीच तर ती ताळेबंदाच्या अलीकडे, बारीक टाइपातल्या एखाद्या कोष्टकात, 'इतर उपक्रम' या मथळ्याखाली पडलेली असते.

सरावासाठी गडचिरोलीच्या 'सर्च'चे उदाहरण घ्यावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेचा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तो अहवालाच्या थाटात लिहिला असता, तर 'ग्रामीण आरोग्य सक्षमीकरणाच्या दिशेने भरीव वाटचाल' झाली असती आणि कोणी वाचला नसता. बातमी अशी आहे : ३९ गावांत प्रशिक्षण घेतलेल्या गावच्याच बाया घरी जाऊन बाळाला तपासू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या, आणि हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. इथे नवशिक्याचा पाय हमखास घसरतो, कारण निष्कर्षातली निव्वळ घटही नेमकी ६२ टक्के आहे. दोन्ही बासष्ट एकाच वाक्यात आले की 'शंभरातली ६२ बाळे वाचली' असा मथळा होतो. शिवाय हे मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले आहेत. सरसकट 'बालमृत्यू' लिहिल्यास आकडा बरोबर असूनही बातमी खोटी ठरते.

ही बातमी उभी राहते ती मात्र दुसऱ्याच रकान्यावर. हा उपक्रम नसलेल्या ४७ गावांत प्रमाण साठीच्या आसपासच राहिले. तिथेही ते तसेच घसरले असते, तर श्रेय रस्त्याला, पावसाला किंवा सरकारलाही देता आले असते. आपल्याकडच्या अहवालात हा रकाना बहुधा नसतो. गेल्या वर्षी चाळीस बाळंतपणांत दोन मृत्यू आणि यंदा एक, एवढ्यावर 'मृत्यू निम्म्यावर' छापणे म्हणजे नाणेफेकीचा निकाल छापणे.

संस्था म्हणेल, एकाच आकड्याची बातमी केली, वृक्षारोपण आणि वह्यावाटप राहिलेच. राहू द्यावे. बारा उपक्रम बारा ओळींत बसवले की वाचकाला फक्त संस्थेचे नाव कळते, आणि त्यासाठी जाहिरात विभाग आहे. आकडा वाईट असेल तेव्हा कामाची बदनामी होते, ही तक्रार जास्त वजनाची आहे. पण डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये छापले की दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या वाईट आकड्यानेच काम कुठे करायचे ते दाखवले. एवढे पटल्यावर फोन करावा, पण अध्यक्षांना नव्हे, नोंदवही भरणाऱ्या ताईंना. किती जन्म मोजले, कोणी मोजले, मृत जन्मलेली बाळे कुठल्या रकान्यात टाकली, हे विचारावे. 'साहेबांना विचारून सांगते' असे उत्तर आले, तर त्या दिवशी वह्यावाटप छापावे.