सगळ्यांनी चारला हजर राहावे

दोंडाईचासारख्या गावात डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीकडे मिरचीच्या गाड्या निघतात आणि शाळांमध्ये गॅदरिंगच्या सूचना. त्या सूचनेतलं एक वाक्य वर्षानुवर्षं बदलत नाही: ‘सर्व सहभागी विद्यार्थ्यांनी दुपारी ठीक चार वाजता हजर राहावे.’ गॅदरिंग बिघडतं ते याच वाक्यानं, असं माझं मत आहे. हजर राहण्याची वेळ घड्याळात पाहून ठरवायची नसते, ती रंगमंचावरून मागे मोजत यायची असते. बाराव्या क्रमांकावर आठ मुलींची लावणी आहे असं धरा. दीपप्रज्वलन सहाला. पाहुणे, शाल-श्रीफळ आणि ‘दोनच शब्द’ यांना पाऊण तास, हा अंदाज अर्थातच श्रद्धेचा. पुढे प्रत्येक नाचाला चार मिनिटं आणि अदलाबदलीला दोन, म्हणजे अकरा नाच संपून लावणी येणार साधारण सात वाजून पन्नासला. नऊवारी नेसवणाऱ्या बाया दोन आणि एका साडीला पंधरा मिनिटं, म्हणजे आठ साड्यांना एक तास. उरलेल्यांचे अंबाडे आणि रंग तेवढ्यात होतात, शेवटच्या दोघींसाठी आणखी वीस मिनिटं. विंगेत दोन नाच आधी उभं राहायचं, ती बारा मिनिटं. सगळं वजा केलं की सहा अठरा येतात. अठरा मिनिटं रुसलेल्या मुलीसाठी आणि हरवलेल्या घुंगरांसाठी सोडली, तर मुलींना सहाला बोलवावं. चारला बोलावलं की साडेपाचपर्यंत सगळ्या नेसून बसतात, आणि मग नऊवारीतल्या आठ मुलींना एकापाठोपाठ बाथरूम आठवतं. साड्या पुन्हा नेसवाव्या लागतात, तोवर नेसवणाऱ्या बाया समोर खुर्ची धरून बसलेल्या असतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आपले लोक उशिराच येतात, म्हणून दोन तास आधीचं सांगावं. पण लोकांनाही वजाबाकी येते. चार म्हणजे सहा हे दुसऱ्याच वर्षी गावभर होतं, मग दोनला बोलवावं लागतं. चारला खरोखर येतात ती खेड्यांवरची मुलं, कारण त्यांची एसटी तेव्हाच असते. त्यांना संध्याकाळभर ताटकळावं लागतं, आणि गावातली मुलं सातला घरून पावडर लावून येतात. म्हणून खरी वेळ सांगावी, गटागटाची वेगळी सांगावी आणि खेड्यावरच्या गटाचा क्रमांक परतीच्या गाडीकडे पाहून लावावा. दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: पाहुणेच तासभर उशिरा आले तर या गणिताचं काय? उत्तर असं, की घड्याळाची वेळ फक्त शाळेत येण्यासाठी वापरावी. साडी नेसवणं आणि विंगेत नेणं नाचाच्या क्रमांकावर बांधावं. तयारीच्या वर्गातून विंगेकडे निघायचं ते नववा नाच संपला की, मग तेव्हा घड्याळात काहीही वाजलेले असोत.

थांबायच्या वर्गांचंही असंच. एकच मोठा वर्ग दिला की त्याचा बाजार होतो. तीन जागा हव्यात: आल्यावर बसायची, तयार व्हायची आणि विंगेलगतची. खाणं फक्त पहिलीत, कारण चिवड्याचा तेलकट हात जरीवरून निघत नाही. पालक फक्त पहिलीच्या दारापर्यंत, आणि हा नियम पाळताना मुख्याध्यापकांच्या मेव्हण्यांनाही ओळखू नये. बालवाडीला सगळ्यात शेवटी बोलवावं आणि सगळ्यात आधी नाचवावं, नाहीतर ससे विंगेतच झोपतात. छोटे आधी संपवले तर त्यांचे पालक उठून जातात आणि मैदान ओस पडतं, हे आयोजकांचं दुखणं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे बालवाडीचे दोन गट करून एक दुसरा आणि एक सहावा ठेवावा. विसावा नव्हे.

आता कोण आलं याची नोंद. ग्रुपवर अंगठे येतात, फोनवर ‘ई राह्यनू भाऊ’ येतं, आणि ते म्हणणारा अजून अंघोळीला गेलेला नसतो. हजेरी दारात, देहाची घ्यावी. यादीत प्रत्येक नावापुढे तीन चौकोन असावेत: आला, तयार, विंगेत. आठातल्या सात मुली आल्या तर गट आलेला नाही. एकच मुलगा कोळीनृत्यातही असेल आणि पोवाड्यातही, तर त्याचं नाव दोन्ही ठिकाणी लाल करावं आणि मध्ये निदान तीन नाच ठेवावेत. गाण्याचा पेन ड्राइव्ह हाही कलाकारच, त्याचंही नाव यादीत हवं, कारण मुली हजर आणि गाणं काकांच्या गाडीत, हा प्रकार दुर्मीळ नाही. पहिला चौकोन रिकामा दिसला की फोन करायला तासभर मिळतो, तिसरा रिकामा दिसला तर निवेदकाच्या शेरोशायरीचाच आधार. नाच बसवणाऱ्या बाईंना मात्र या दारात बसवू नये, त्या पहिल्याच गाण्याला उठून विंगेत जाऊन हात हलवू लागतात.

रात्री दहाला लाउडस्पीकर कायद्याने बंद होतो, त्यामुळे उशिराची भरपाई नेहमी शेवटच्या नाचाला करावी लागते, पाहुण्यांच्या भाषणाला कधीच नाही. तेव्हा यंदा सूचनेतले चार खोडा, गटवार वेळा लिहा, आणि दारात यादी घेऊन बसणाऱ्या शिपाईमामांना एक चालणारं पेन आणि वेळेवर चहा द्या.