आधी उत्तर, मग टेस्ट

बुधवारी रात्री साडेनऊला शेजारची पोरगी मोबाइल नाचवतच आली. 'काकू, लिंक आली!' पुण्याच्या कंपनीचा ईमेल होता. मुलाखतीचं नावही नाही. 48 तासांत ऑनलाइन टेस्ट द्या, एवढंच. 24 प्रश्न अ‍ॅप्टिट्यूडचे, वेळ 30 मिनिटं, त्यानंतर स्वभावाची चाचणी. कॅमेरा आणि माइक चालू ठेवायचा. पोरगी तिथंच मांडी घालून लिंक उघडायला बसली होती. मी मोबाइल काढून घेतला.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. इथं घर आणि कारखाना यांच्यात एक भिंत असते, कधी तीही नसते. खाली टॉवेलचे चार माग चालू होते आणि त्यांची खटखट माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांना जाणवते. असल्या आवाजात माइक चालू ठेवून टेस्ट द्यायची म्हणजे काय होतं, ते सांगते. देखरेखीचं सॉफ्टवेअर आवाज, दुसरा चेहरा, स्क्रीन बदलणं, नजर सारखी बाजूला जाणं अशा गोष्टींवर खूण करत जातं. ती खूण नंतर माणूस तपासतो की थेट नाव कटतं, हे कंपनीगणिक वेगळं असतं. मागाचा आवाज ऐकला नसेल, तर तपासणाऱ्या माणसालाही तो ओळखू येणार नाही. मध्येच आई जेवायला हाक मारेल, ती वेगळीच.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे: लिंक आली की आधी तिला हात लावायचा नाही, आधी उत्तर लिहायचं. आमच्याकडच्या पोरापोरींना वाटतं, प्रश्न विचारला की कंपनी रागावेल. सभ्य भाषेत चार ओळी लिहिल्यावर रागावणारी कंपनी पुढं पगाराच्या बाबतीत कशी वागेल, याचा अंदाज तिथंच येतो.

आम्ही दोघींनी मिळून लिहिलं ते असं. 'आपल्या ईमेलबद्दल आभार. मला ही चाचणी द्यायची आहे. माझ्या घरी इतर दिवशी यंत्रमागांचा आवाज असतो, म्हणून रविवारी सकाळी दिली तर चालेल का? चार गोष्टी कळाल्या तर बरं होईल. चाचणीचं नाव काय आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होतात का? तिच्यावर कटऑफ आहे की निकाल मुलाखतीच्या वेळी सोबत पाहिला जाईल? सॉफ्टवेअरनं आवाजाची खूण केली, तर ती कोणी तपासतं का? आणि माझं चित्रीकरण किती दिवस ठेवलं जाईल?' बस. ना विनवणी, ना तक्रार. पोरीनं इंग्रजीत केलं आणि रात्रीच पाठवलं. ज्यांना अपंगत्वामुळं जास्त वेळ किंवा वेगळी सोय लागते, त्यांनी ते याच उत्तरात मागावं. टेस्ट झाल्यावर सांगितलं तर उपयोग नाही.

चौथा प्रश्न पोरीला आगाऊपणाचा वाटला. नाही. 2023 साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात संमती घेताना माहिती कशासाठी घेतो, ते सांगायला हवं असं आहे. नियम 2025च्या नोव्हेंबरात आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. चेहरा तिचा, घर तिचं. विचारायलाच हवं.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा. 1998 साली श्मिट आणि हंटर या दोघांनी जुन्या अभ्यासांचा मोठा हिशेब मांडला आणि बौद्धिक चाचणीचा पुढच्या कामाशी संबंध 0.51 इतका काढला. पूर्ण मेळ बसला तर हा आकडा 1 असतो. कंपन्या अशा चाचण्यांच्या बाजूनं बोलताना अनेक वर्षं त्याच हिशेबाकडं बोट दाखवत आल्या. 2022 साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला तेव्हा आकडा 0.31 वर आला, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत 0.42 घेऊन पुढं निघाली. म्हणजे टेस्ट निरुपयोगी नाही. पण मुलाखतीच्या आधी ती ठेवतात ती मुख्यतः गर्दी स्वस्तात कमी करायला. हजारो अर्ज येतात, हे मला कळतं. पण त्या गाळणीची जाळी केवढी आहे, हे विचारायचा हक्क गाळल्या जाणाऱ्याला आहे.

आता तयारी. 30 मिनिटांत 24 प्रश्न म्हणजे एकाला सव्वा मिनिट. शनिवारी आम्ही एक उदाहरण घेतलं: 6 मागांवर 8 तासांत 240 टॉवेल निघतात, तर 9 मागांवर 5 तासांत किती? ती त्रैराशिक मांडत बसली. मी म्हटलं, एका मागाचा एका तासाचा हिशेब काढ. 6 गुणिले 8 म्हणजे 48. 240ला 48नं भागलं की 5. आता 9 गुणिले 5 गुणिले 5, म्हणजे 225. वीस सेकंद. ज्याचा असा धागा मिनिटभरात हाती लागत नाही, तो प्रश्न सोडायचा. मागं जाता येतं का, हे मात्र सुरुवातीच्या सूचनांतच वाचून घ्यायचं. काही टेस्टमध्ये एकदा पुढं गेलं की परत येता येत नाही.

स्वभावाच्या चाचणीत वेगळा घोळ असतो. 'मी काम वेळेत संपवते', 'मी सगळ्यांशी जुळवून घेते', 'मी नवीन कल्पना मांडते', यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी लागू काय? तिन्ही चांगलीच वाक्यं. हेतू असा की माणसाला नुसतं गोड बोलता येऊ नये. पण भाकरी, भात, आमटी यांचा आवडीचा क्रम लावला म्हणून भूक किती आहे हे कळत नाही. गुण साध्या बेरजेनं दिले, तर तुमच्यातलं काय जास्त, काय कमी एवढंच कळतं, शेजारणीपेक्षा तुम्ही जास्त नेटक्या की कमी, हे नाही. ही अडचण सोडवायच्या गणिती पद्धती आहेत, पण आपल्या टेस्टमध्ये त्या आहेत की नाहीत, हे उमेदवाराला कोणी सांगत नाही. तेव्हा कंपनीला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसू नये. तोच गुण वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात आणि बनवलेली उत्तरं एकमेकांशी भांडतात. कामावरची आपण डोळ्यांपुढं आणायची, लग्नघरातली नाही, आणि पहिलं जे खरं वाटेल ते टिचकवायचं. मायर्स-ब्रिग्जची चार अक्षरं मागून कोणी निवड करत असेल, तर ती चाचणी विकणारेच सांगतात की ती नोकरीसाठी निवड करायला वापरू नये. आणि टेस्टसाठी पैसे भरा असा निरोप आपण होऊन आला, तर उत्तरही देऊ नका. ती बहुधा लुबाडणूक असते.

गुरुवारी दुपारी एचआरचं उत्तर आलं. रविवार चालेल. गुण वजा होत नाहीत. कटऑफ आहे. आवाजाची खूण माणूस तपासतो, मागांचं नोंदवून ठेवलंय. रविवारी माग बंद होते, तिनं गच्चीवरच्या खोलीत दार लावून टेस्ट दिली. लाइट गेली तर म्हणून मोबाइलचं नेट जोडून ठेवलं होतं, लॅपटॉप पूर्ण चार्ज होता. लाइट गेली नाही.

चित्रीकरण किती दिवस ठेवणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी तिनं तो प्रश्न पुन्हा पाठवलाय.