आप्पा कुठल्या चौकोनात?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरी सगळंच अर्जंट होतं. आप्पांचा हयातीचा दाखला ३० तारखेच्या आत जायला हवा. शनिवारी इटारसीला लग्न. मंडळाच्या स्नेहसंमेलनात कोणत्या रंगाच्या साड्या नेसायच्या यावर ग्रुपवर घनघोर युद्ध. आणि त्यात ह्यांनी रविवारी रात्री जवाहर चौकातून पिशवी भरून मेथी आणली. का, तर भाजीवाला ठेला आवरता आवरता ‘ले जाओ साहब, आधे में’ म्हणाला! ह्यांना ‘साहब’ म्हटलं की हे शेत विकत घेतील.

मी मेथीकडे बघत होते आणि हे लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर रेघा मारत होते. एक उभी, एक आडवी, चार चौकोन. ऑफिसात कुणी तज्ज्ञ येऊन आठवडा कसा आखावा ते शिकवून गेले होते. डावीकडे तातडीची कामं, उजवीकडे बिनतातडीची. वरच्या ओळीत महत्त्वाची, खालच्या ओळीत बिनमहत्त्वाची. “आयझेनहॉवरची पद्धत आहे,” हे म्हणाले. “अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. तो असाच आठवडा आखायचा.”

हे मात्र मला पटेना. मी ग्रंथालयवाली बाई, मूळ ठिकाण शोधल्याशिवाय झोप येत नाही. आयझेनहॉवर १९५४ साली इव्हान्स्टनला जगातल्या चर्चच्या परिषदेपुढे बोलला, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की माझ्यापुढे दोन तऱ्हेचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. तेही त्याने एका माजी कॉलेजप्रमुखाच्या नावावर सांगितलं, आणि त्या प्रमुखाचं नाव सांगितलंच नाही. चार चौकोन घरोघरी पोचवले ते स्टीफन कव्हीने, १९८९ च्या पुस्तकातून. गंमत म्हणजे आयझेनहॉवरचं म्हणणं अक्षरशः धरलं, तर तातडीचा आणि महत्त्वाचाही असा पहिला चौकोन रिकामाच राहायला हवा. त्याच्या घरी हयातीचा दाखला लागत नसावा.

ह्यांनी पहिल्या फटक्यात सगळी कामं त्याच चौकोनात कोंबली. वीजबिल, दाखला, साड्या, मेथी, इटारसीच्या आहेराचं पाकीट. बाकीचे तीन चौकोन ओस. चौकोनांचा हा नेहमीचा रोग आहे आणि तो ओळखायला सोपा आहे: पहिला चौकोन ओसंडत असेल, तर माणसाने दोन वेगळे प्रश्न विचारलेलेच नाहीत, एकच प्रश्न दोनदा विचारलाय.

म्हणून मी पेन घेतलं. तातडीसाठी प्रश्न असा: या आठवड्यात हे केलं नाही, तर कुठली तारीख चुकेल? महत्त्वासाठी दुसरा: हे कधीच केलं नाही, तर काय बिघडेल? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहायची, मगच जागा ठरवायची.

“मग मी कुठे?” आप्पांनी विचारलं. “माझं हयात असणं तातडीचं की नुसतंच महत्त्वाचं?”

“आप्पा, तुमचं असणं महत्त्वाचं, वर्षभर,” मी म्हटलं. “तातडीचं फक्त नोव्हेंबरात.”

त्यांना हे फारसं आवडलं नाही, पण सगळी मेख तिथेच होती. महत्त्व कामाच्या अंगचं असतं, तातडी तारीख लावते. तारीख लावणारं पेन्शन खातं असलं तर ठीक. ती साड्यांच्या ग्रुपने लावली असेल, तर तातडी खरीच, पण ती ग्रुपची. साड्या खाली डावीकडे गेल्या. तिथल्या कामांना विचारायचं, दुसरं कुणी करेल का? माझ्या जावेला रंगांचा उत्साह दांडगा, तिला म्हटलं, तू ठरव, मी नेसते. मेथीही त्याच चौकोनात. उद्या पिवळी पडणार, म्हणजे घरात तिच्याइतकं तातडीचं काहीच नाही, आणि कधीच निवडली नाही तरी कुणाचं पेन्शन थांबणार नाही. ती आप्पांकडे गेली. वीजबिल मी कुठल्याच चौकोनात लिहू दिलं नाही. फोनवर जे दोन मिनिटांत होतं त्याला चौकोन शोधायला पाच मिनिटं घालवू नयेत. माळ्यावरची रद्दी लावणं चौथ्यात, म्हणजे नावाला लिहिलं आणि खोडलं.

राहिला वरचा उजवा चौकोन. तो कोराच होता, कारण तिथली कामं कुणी आठवण करून देत नाही. बराच वेळ बसल्यावर दोन निघाली. ह्यांना मधुमेह, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करायची ती टळत आलेली. ती टळते, कारण पडदा बिघडायला लागतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दिसायचं कमी होतं तोवर हे काम उडी मारून पहिल्या चौकोनात आलेलं असतं. दुसरं आप्पांच्या मुदतठेवीचं. तिच्यावर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईच होत्या, आणि त्यांना जाऊन वर्षं झाली.

तारीख नसलेलं मोठं काम आणि तारीख असलेलं किरकोळ काम समोर ठेवलं, तर माणसं किरकोळ कामालाच हात घालतात, मोबदला कमी असला तरी. झू, यांग आणि शी या संशोधकांनी २०१८ साली प्रयोग करून हे दाखवलं. म्हणून दुसऱ्या चौकोनातल्या कामाला नुसती जागा देऊन भागत नाही, खोटी का होईना पण तारीख आणि वेळ द्यावी लागते. पडद्याला गुरुवार दुपार दिली, बँकेला शुक्रवार सकाळ. गुरुवारही विचार करून: तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि मग काही तास नीट दिसत नाही. म्हणजे स्कूटर घरी, जाणं-येणं रिक्षाने, आणि त्या संध्याकाळी ह्यांच्या नावावर दुसरं काहीच काम नाही. चौकोन कामाचा क्रम सांगतो. तास किती लागतील ते सांगत नाही. ते आपणच मोजायचे.

सोमवारी सकाळी आप्पांचा चेहरा फोनवर दाखवून दाखला काढला. बोटांचे ठसे त्यांचे हल्ली उमटत नाहीत, चेहरा मात्र यंत्राला पटला. फक्त पापण्या मिटा म्हटल्यावर त्यांनी इतका वेळ डोळे मिटले, की मला दाखल्याची काळजी वाटली. मग त्याच खुर्चीत बसून त्यांनी मेथी निवडली, देठांसकट, पण निवडली. गुरुवारी ह्यांच्या डोळ्यांत थेंब पडले आणि संध्याकाळभर ह्यांना फोनवरचं एक अक्षर दिसेना. ग्रुपवर साड्यांचा रंग तीनदा बदलला म्हणे. पडदा ठीक निघाला, पुढल्या वर्षाची तारीख कॅलेंडरवर तिथेच लिहून टाकली.

शुक्रवारी बँकेत फॉर्म भरताना आप्पांनी पेन उचललं, नॉमिनीच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हणाले, “हा की ती?” हा म्हणजे माझे हे, ती म्हणजे नागपूरच्या वन्सं. मी म्हटलं, “आप्पा, तुमची इच्छा.” बँकेतून घरी पोचायच्या आत वन्संचा फोन आला होता. त्यांना कुणी कळवलं ते आजतागायत कळलेलं नाही, पण नॉमिनीचं काम त्या क्षणी पहिल्या चौकोनात आलं.