आबांचा बोल झटपट कसा उरकावा : सुट्टीवर आलेल्या नातवंडांसाठी

नीरा नरसिंहपूरला आबांकडे आलात आणि नरसिंह जयंतीच्या भजनात तबला वाजवणार, असं मित्रांना सांगूनही बसलात? घाबरू नका. आबांना फक्त 'धिरधिरकिटतक तातिरकिटतक' वाजवून दाखवायचंय. संगमावर पोहायला जायच्या आत होईल.

१. तोंडाने म्हणणं टाळा. आबा तबल्यावरचं फडकं काढणारच नाहीत. आधी टाळी देत बोल म्हणायला लावतील. तीनताल, १६ मात्रा. एका मात्रेत चार अक्षरं घेतली की बोल चार मात्रांचा होतो आणि चारदा म्हटला की नेमकी सम येते. तुमचा बोल संपला, पण सम अजून एक मात्रा लांबच? आबाच मोजायला चुकले, असं ठणकावून सांगा. 'ता'नंतर एका अक्षराची जागा मोकळी सोडायची असते, ती तुम्ही दर वेळी गिळता. चारदा गिळली की अख्खी मात्रा गेली. हे मान्य करू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

२. मनगट ताठ ठेवा. 'धिरधिर' तळहाताने वाजतं : पंजा शाईवर एका कडेने पडतो, दुसऱ्या कडेवर कलतो, की पुन्हा तेच. आबांचा पंजा नुसता डुलतो. तुम्ही मात्र जोर लावा. चार अक्षरांऐवजी 'थप थप' अशी दोनच ऐकू आली, की मनगट उत्तम आवळलंय असं समजा.

३. लय वाढवा. वेगात 'तिरकिट'चा चुरा होतो, पण ऐकणाऱ्यांना कुठे कळतंय? आबांना कळतं, तेही पाठ करून चहा पिताना. "हळू घे," एवढंच म्हणतील. दुर्लक्ष करा.

४. मोठं नाव पुढे करा. "गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँसाहेब काय हळू वाजवायचे?" आबा शांतपणे विचारतील, "आणि रियाज?" इथे तहान लागल्याचं सांगून उठा.

५. रुसून ओट्यावर जा. आबा मनधरणी करणार नाहीत, बिचारे. तोच बोल सावकाश वाजवत बसतील. तुमची बोटं आपोआप मांडीवर चालू लागतील. ती ताबडतोब थांबवा. 'ता'नंतरची जागा एकदा का सापडली, तर पोहणं विसरून तुम्ही आत जाऊन बसाल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

शेवटची सूचना : भजनाला आठ मात्रांचा साधा भजनी ठेका पुरतो, हा बोल तिथे लागतच नाही. आबांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. फसवणुकीची तक्रार जरूर करा, पण आधी बोल चारदा म्हणून समेवर या. त्याआधी आबा ऐकून घेणार नाहीत.