रविवारी तुटलेली सुई

गार्मेंट कारखान्यात खोटं बोलायला हजेरीपत्रक आहे, पगारपत्रक आहे, वेळ पडली तर पढवलेले कामगारही आहेत. खोटं बोलायला शिकवायचं राहून गेलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे तुटलेली सुई.

त्याचं असं आहे. शिलाई मशिनची सुई तुटली की टेलरने तिचे सगळे तुकडे गोळा करायचे, सुपरवायझरने ते रजिस्टरात सेलोटेपने चिकटवायचे आणि शेजारी तारीख, वेळ, मशिन नंबर, टेलरचं नाव लिहायचं. तुकडा सापडला नाही तर आजूबाजूचे सगळे पीस बाजूला काढून तपासायचे. परदेशातल्या एखाद्या पोराच्या शर्टात सुईचं टोक निघता कामा नये, म्हणून बायर याबाबतीत भलताच कडक असतो. त्यामुळे हे रजिस्टर कारखान्यात सगळ्यात इमानदारीने लिहिलं जातं. गिऱ्हाईकाच्या कातडीचा प्रश्न आहे!

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सोशल ऑडिट चालू आहे, असं समजा. कारखान्याचं नाव विचारू नका. चार-पाच ठिकाणचे नमुने मिसळून मी हा एक उभा केला आहे. चाळीस टेलर, बाकी हेल्पर आणि प्रेसवाले. एवढ्या कारखान्याला ऑडिटर एक दिवस देतो. त्या एका दिवसात त्याने वय, वेतन, तास, आग, पाणी, संडास, पीएफ, ईएसआय आणि तक्रारपेटी असं सगळं पाहायचं, कामगारांशी एकांतात बोलायचं आणि संध्याकाळी मालकासमोर निष्कर्ष वाचून दाखवायचे. बऱ्याचदा ऑडिटची फी कारखानाच भरतो. परीक्षकाचं मानधन परीक्षार्थ्याने द्यायची ही पद्धत आपल्या विद्यापीठांना अजून कशी सुचली नाही, देव जाणे.

हजेरी पाहिली तर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा आणि रविवारी सुट्टी. इतकी सरळ हजेरी फक्त गैरहजर माणसंच लावू शकतात. ऑडिटर मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि सुईचं रजिस्टर मागवलं. पानं उलटता उलटता थांबल्या. 17 तारीख, रात्री 9.40, मशिन नंबर 22. कॅलेंडर पाहिलं तर 17 ला रविवार.

‘मॅडम, तारीख चुकून पडली असेल,’ एचआरवाले म्हणाले.

‘आणि सुई?’

पुढचं काम सोपं असतं. एका धाग्याला दुसरा जोडायचा. जनरेटरचं लॉगबुक, गेटवरची आवक-जावक, कटिंग मास्टरची वही, चहावाल्याचं बिल. रविवारी कारखाना बंद होता तर सत्तर कट चहा प्याला कोण? अशी तीन-चार कागदपत्रं एकमेकांशी पटेनाशी झाली की मालक खुर्ची जरा पुढे ओढतो आणि आवाज उतरवून म्हणतो, ‘मॅडम, शिपमेंट होती हो.’ दिवसभरातलं हे पहिलं खरं वाक्य असतं.

आता हिशोब. टेलरला महिना 13,000 धरा. 26 दिवसांनी भागलं की दिवसाला 500, आठ तासांनी भागलं की तासाला साडेबासष्ट रुपये. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, म्हणजे तासाला 125. आठवड्यातले पाच दिवस रोज तीन तास जादा थांबवलं तर महिन्याचे साठ तास होतात. त्याचे साडेसात हजार व्हायला हवेत. हातात मात्र एकेरी दराने, तेही पाकिटातून, 3,750 पडतात. चाळीस टेलर धरले तर महिन्याला दीड लाख आणि तीन महिन्यांत साडेचार लाख मालकाच्या खिशात राहिले. बायरच्या नियमावल्यांत ओव्हरटाइमसकट आठवड्याला साठ तासांची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. इथे रविवार न धरताच त्रेसष्ट झाले.

खरी गंमत इथून पुढे आहे. सापडलेल्या त्रुटींचं एक कोष्टक बनतं. त्याला करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन म्हणतात, कारखान्यात नुसतं ‘कॅप’. रकाने ठरलेले असतात: त्रुटी, मूळ कारण, उपाय, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, जबाबदार कोण, मुदत, पुरावा. मूळ कारणाच्या रकान्यात महाराष्ट्रभर एकच उत्तर लिहिलं जातं: ‘जागरूकतेचा अभाव’. रात्री पावणेदहाला शटर अर्धं ओढून चाळीस मशिनी चालवणाऱ्या माणसाला, आपण मशिनी चालवतोय, याचीच जाणीव नव्हती म्हणे. कारण असं असलं की उपायही त्याच्याच मापाचा निघतो. एचआरला प्रशिक्षण. पुराव्याला बॅनरखाली बसलेल्या कामगारांचा फोटो, पुढच्या रांगेत तीच मावशी, जिला प्रशिक्षण संपल्यावर पुन्हा साडेनऊपर्यंत थांबायचंय.

काही त्रुटी अशा फोटोने खरंच मिटतात. अग्निशामक सिलिंडरची तारीख उलटली होती, तो भरून आणला, फोटो पाठवला, विषय संपला. प्रथमोपचार पेटीत मलम नव्हतं, आलं. पण जाण्यायेण्याच्या वाटेवर खोके रचलेले होते, ते हटवल्याचा फोटो कशाचा पुरावा? फोटो सोमवारी काढलाय आणि खोके साठतात शिपमेंटच्या आदल्या तीन दिवसांत. ती वाट मोकळी आहे की नाही हे त्याच तीन दिवसांत, न सांगता जाऊन पाहावं लागतं. ऑफिसात बसून पीडीएफ तपासणाऱ्याला त्या वाटेवर आखलेले पिवळे पट्टे तेवढे दिसतात.

थकबाकीचंही तसंच. साडेचार लाख वाटल्याचा पुरावा म्हणून बँकेची यादी येते. पैसे खरंच जमा झालेले असतात. नंतर ‘ॲडव्हान्स वळता करतोय’ म्हणत शेठ ते रोखीने परत घेतात. यादीत हे दिसत नाही. जाणता ऑडिटर दोन महिन्यांनी पुन्हा येतो आणि सुपरवायझर कानाजवळ नसताना विचारतो, की ताई, त्या पैशाचं काय केलंत? फीचे पैसे भरले, सिलिंडर आणला, दिराला दिले, असं काहीही उत्तर आलं तर पैसे पोचले. सगळ्याजणी एका सुरात ‘मिळाले, मिळाले’ म्हणाल्या, तर पोचले नाहीत.

आणि समजा, पोचले. ओव्हरटाइमही खरंच बंद झाला. मग मावशींच्या घरात काय होतं, हे कॅपच्या कोणत्याही रकान्यात नाही. एकेरी का असेना, महिन्याचे पावणेचार हजार गेले. ऑडिटरला ‘आम्ही सहालाच घरी जातो’ असं त्या सांगतात, तेव्हा प्रत्येक वेळी मालकाच्या धाकाने सांगत नाहीत. खरं बोलण्याचा खर्च कोण भरतो, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तिकडे बायरची ऑर्डर मात्र तेवढीच असते आणि ती कुठेतरी पुरी व्हावी लागते. म्हणून टेम्पो निघतो आणि भोसरीहून दिघीमार्गे आमच्या विश्रांतवाडीत येतो. आळंदी रोडच्या आतल्या एखाद्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा मशिनी असतात. कॉलर आणि कफ तिथे. धागे कापणं आणि बटणं थेट धानोरीतल्या घराघरांत. पोतं सोप्यात टाकायचं, मालिका बघत कात्री चालवायची, नगावर पैसे. त्याच मावशी असतात कधीकधी. आता ओव्हरटाइम नाही, कारण हजेरीच नाही. कारखान्याच्या कॅपवर शेरा पडतो, ‘त्रुटी दूर’. दूर म्हणजे विश्रांतवाडीत.

हे पकडायलाही फार अक्कल लागत नाही, गुणाकार लागतो. चाळीस टेलर, प्रत्येकी 480 मिनिटं, म्हणजे दिवसाला 19,200 मिनिटं. प्रत्यक्ष कामात त्यातली निम्मी उतरली, तर 9,600. एका शर्टाला शिलाईची वीस मिनिटं धरली तर दिवसाला 480 शर्ट, 26 दिवसांत बारा-साडेबारा हजार. डिस्पॅचची चलनं मात्र अठरा हजारांची. मधले साडेपाच हजार शर्ट कोणी शिवले? निम्म्याचा आकडा कारखान्यागणिक बदलतो. मालक म्हणेल, आमची मुलं तरबेज आहेत. असतीलही. मग लाइनवर तासाला किती पीस उतरतात ते तिथेच उभं राहून मोजायचं. पण ऑडिट असतं एका पत्त्याचं. शेडचा पत्ता यादीत नाही, म्हणून शेड नाही.

शेड नाही म्हटल्यावर तिला कुलूप कुठून लावतात हेही कोणी बघायचं नाही. 9 मे 2019 च्या पहाटे उरुळी देवाची इथल्या साड्यांच्या दुकानाला आग लागली, तेव्हा आत झोपलेले पाच कामगार गेले. दार बाहेरून बंद होतं. ते दुकान, कारखाना नव्हे, ऑडिटचा तिथे संबंधच नव्हता. पण ऑडिट झालेल्या जागेचीही फार खात्री बाळगू नका. कराचीच्या बल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला 2012 च्या ऑगस्टमध्ये एसए 8000 हे नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं. 11 सप्टेंबरला आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. तपासणीच्या यादीत आपत्कालीन दारांचा मुद्दा नव्हता असं नाही. तरीही प्रमाणपत्र मिळालं होतं.

म्हणून कॅप वाचताना मी आधी जबाबदार व्यक्तीचा रकाना पाहतो. तिथे एचआर असतो, फार तर प्रॉडक्शन मॅनेजर. बायरचं नाव तिथे कधी आलेलं पाहिलं नाही. खरं तर 17 तारखेचा रविवार बायरच्याच ऑफिसात ठरला होता. माल शिवायला घेण्याआधी जो नमुना मंजूर व्हावा लागतो, त्यावर तिथून दहा दिवस उशिरा होकार आला. आधी बटण पसंत नव्हतं, मग पसंत पडलं, मग पुन्हा जुनंच बरं वाटलं. डिलिव्हरीची तारीख मात्र जागची हलली नाही. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा, आणि तो खर्च कारखान्याच्या माथी. चाळीस मशिनींवर दहा दिवसांचं काम म्हणजे 4,800 शर्ट. ते रात्रीत नाहीतर रविवारात भरून काढायचे. जागरूकता असली तरी आणि नसली तरी.

एका मर्चंडायझरला मी सुचवून पाहिलं. कॅपमध्ये एक रकाना वाढवा: नमुना मंजूर व्हायची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष मंजूर केलेली तारीख, खाली बायरची सही. ओव्हरटाइमच्या प्रत्येक त्रुटीपुढे हा भरल्याशिवाय शीट पुढे सरकू नये.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ‘कल्पना चांगली आहे, सर,’ म्हणाला, ‘पण फॉरमॅट बायरचा आहे.’